बुजगावण्याचं तोंड

सुरेखा,

तुझं बुजगावणं अजून उभं आहे. तेरवीला आलेल्या बायकांपैकी एक जण म्हणालीही, की जिनं उभं केलं ती गेली, आता ते उपटून टाका. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण बांधावरून आत पाऊल टाकायला कुणी तयार नव्हतं. मीही नव्हते. त्याच्या अंगात विलासचा जुना चौकड्याचा शर्ट आहे आणि मडक्यावर तू डांबरानं काढलेले डोळे आहेत. एक डोळा मोठा, एक बारका. तू काढलेस तेव्हा मी हसले होते, म्हटलं होतं, अगं याला चष्मा तरी लाव. तू म्हणालीस, "राहू द्या नलूबाई. हा माह्या नवऱ्यापेक्षा बरा. हात पसरून उभा राह्यते, उगारत तं नाई."

मी हसता हसता थांबले. तू मात्र मेथीच्या जुड्या बांधत राहिलीस, जसं काही विशेष बोललीच नव्हतीस.

पिकात शिरणाऱ्या रोह्यांसाठी, नीलगाईंसाठी म्हणून ते उभं केलंस. रोही काही त्याला भ्यायले नाहीत, तुझी वांगी खाऊन त्याच्याच पायाशी बसायचे. पण ते बुजगावणं रोह्यांसाठी नव्हतंच, हे तुला आणि मला दोघींनाच माहीत होतं. ठिबकच्या जुन्या पाइपाचा एक तुकडा तू जमिनीत पुरला होतास आणि त्यात बांबू बसवला होतास, म्हणजे तो फिरेल. वाऱ्यानं आपोआप फिरू नये म्हणून पाइपाला आणि बांबूला आरपार खिळा. खिळा काढायचा, तोंड वळवायचं, खिळा पुन्हा घालायचा. तोंड विहिरीकडं असलं तर सगळं ठीक. तोंड बांधापलीकडं, माझ्या मळ्याकडं असलं तर "नलूबाई, या." फोन विलासच्या खिशात असायचा. ओरडलं तर मार वाढायचा. बुजगावण्याकडं कोण बघतं?

मी बघायचे. दात घासत ओट्यावर आले की पहिली नजर तिकडं जायची. अजूनही जाते, आणि म्हणूनच हे सगळं तुला सांगायला बसले आहे.

तुझ्या अंगावरचा पहिला वळ मी पोहरादेवीला पाहिला. यात्रेत आपण काकड्या विकायला बसलो होतो, टोपलं उचलताना तुझ्या पाठीवरचा पदर सरकला. मी विचारलं, काय झालं. "पडली मी." मग वर्षानुवर्षं तू पडतच राहिलीस. गोठ्यात पडलीस, नालीत पडलीस, सायकलवरून पडलीस. सायकल तुमच्या घरात नव्हतीच. एकदा मी चिडून म्हटलं, एवढं पडणारी बाई मी जन्मात पाहिली नाही, तुला सर्कशीत घातलं पाहिजे. तू एवढी हसलीस की ओठाची खपली निघाली आणि रक्त आलं.

त्यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, ठाण्यात चल. तू म्हणायचीस, तक्रार दिली तर बैठक बसन. बैठक बसली तर सगळे मला विचारतीन, तू काय केलं होतं. मग तो माफी मागन, नारळ फोडतीन, अन् राती मीच त्याच्यासंग घरात राहीन. पोरगी तेव्हा रिठदला, तुझ्या भावाकडं शिकायला. ती एकटी तरी वाचली म्हणून तू समाधानी होतीस. "भावाले सांगन तं तो येईन मारामारी कराले. मग कोण आत जाईन? माहा भाऊच ना!" तुझं म्हणणं खोटं नव्हतं, आणि हेच मला सहन व्हायचं नाही. तुझा प्रत्येक मुद्दा बरोबर असायचा, आणि तू त्या बरोबर मुद्द्यांच्या मधोमध मार खात बसलेली असायचीस.

शेवटी तू वाशीमला आलीस ती कानामुळं. डाव्या कानानं ऐकू येईना. डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं, आणि पहिल्यांदा तू "पडली मी" म्हटलं नाहीस. ते दोन शब्द गिळायला तुला किती जड गेले ते मी तुझ्या गळ्याकडं बघून ओळखलं. डॉक्टरांनी कागदावर मारहाणीची नोंद केली, पोलिसांना कळवायचं ते कळवलं, आणि आपण तिथून संरक्षण अधिकारी मॅडमकडं गेलो. तिथं पंख्याखाली बसून त्यांनी तुला एकेक गोष्ट विचारली. कधीपासून, कशानं, कुणासमोर, पैसे देतो का, घराबाहेर काढतो का, शिव्या काय देतो. शिव्या सांगताना तू माझ्याकडं पाठ केलीस. त्यांनी घरगुती घटनेचा अहवाल भरला, आणि तो अर्जासोबत कोर्टात गेला. विलासला नोटीस गेली तर तो घरी नाही म्हणून परत आली. गोठ्यामागं बसला होता, हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण तुझं प्रतिज्ञापत्र आणि कानाचा कागद बघून मॅजिस्ट्रेट साहेबांनी त्याचं ऐकण्याआधीच अंतरिम आदेश दिला. मारहाण करायची नाही, धमकावायचं नाही, घराबाहेर काढायचं नाही.

त्या दिवशी बसस्टँडवर आपण रसवंतीत बसलो. तू ग्लास दोन्ही हातांनी धरला होतास. म्हणालीस, "कोर्टानं माह्यासाठी लिवलं. माह्या नावानं." मला अजूनही तो तुझा आवाज ऐकू येतो, उजवा कान माझ्याकडं केलेला.

आणि मग तू काय केलंस? आदेशाला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलास! रोज उदबत्ती. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, बाई, तो काही ताईत नाही, त्याच्या झेरॉक्स काढ, एक माझ्याकडं दे, एक ठाण्यात नेऊन दे आणि तिथून पोच घे. तू म्हणालीस, कोर्टच पाठवते ठाण्यात, मॅडम बोलल्या होत्या ना? तेही खरं होतं. कोर्टानं ठाण्याला प्रत पाठवायचीच असते. "अन् देवाजवळ राह्यला तं विलास हात लावणार नाई. कपाटात ठेवला तं फाडन." विलासनं खरंच त्याला हात लावला नाही. हळदीचा एक थर, कुंकवाचा एक थर, वर उदबत्तीची राख, आणि खाली कोर्टाचा शिक्का हळूहळू दिसेनासा झाला.

मग ती सकाळ. तोंड माझ्याकडं. मी पाण्याचा पाइप तिथंच टाकला आणि पोलिसांचा एकशे बारा नंबर लावला. गाडी आली, आणि तशी लवकर आली, खोटं कशाला बोलू. विलास ओट्यावर चहा पीत होता. तुझी सासू गोदाबाई दारात उभी राहिली आणि तिनं पोलिसांना सांगितलं, "घरातलं हाय साहेब. सुनबाई जरा तापट हाय." तू तिच्यामागं उभी होतीस, ओठ फुटलेला. त्या बुढीनं तुझ्याकडं वळूनही बघितलं नाही.

ठाण्यात तू सांगितलंस, माझ्याजवळ कोर्टाचा आदेश आहे. हवालदार म्हणाला, दाखवा. तू घरून आणलास, लाल-पिवळा. त्यानं तो बोटांच्या टोकांनी धरला. नंबर वाचता येत नाही, म्हणाला. आवक रजिस्टर बघितलं. "आमच्याकडं प्रत आलेली नाही. अन् हे कोर्टाचं मॅटर आहे, दिवाणी टाइप. आदेश मोडला तं कोर्टात सांगा." मग त्यानं अदखलपात्र लिहिलं, म्हणजे नुसती नोंद, चौकशी करायची तर कोर्टाची परवानगी लागते. आणि विलासला "नीट राहा रे" म्हणून सोडलं. विलास तुझ्याआधी घरी पोचला.

संध्याकाळी मी मॅडमना फोन केला तेव्हा त्यांनी आधी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, संरक्षण आदेश मोडणं हा गुन्हा आहे, कलम एकतीस, दखलपात्र आणि अजामीनपात्र. पोलीस स्वतः गुन्हा नोंदवू शकतात, अटक करू शकतात, आणि तो मोडला हे एकट्या बाईच्या सांगण्यावरूनही कोर्ट मानू शकतं. प्रत आली नसेल तर कोर्टात फोन करून खात्री करायची होती. मी उद्या स्वतः लेखी देते, तुम्ही कोर्टातून नवी सही-शिक्क्याची नक्कल काढा. तू नकलेचा अर्ज केलासही. नक्कल मिळायच्या आत तू विहिरीत सापडलीस.

त्या दिवशी मी बुजगावण्याकडं बघितलं होतं, सुरेखा. सकाळी बघितलं, टमाटे तोडताना बघितलं, जेवायला बसायच्या आधी बघितलं. प्रत्येक वेळी तोंड विहिरीकडं होतं. मला आठवतं, मी जेवताना ह्यांना म्हटलंही, आज तिकडं शांत आहे. आणि ते मडकं सबंध दिवस ज्या दिशेला बघत होतं, त्याच दिशेला दुपारनंतर लोक धावत गेले.

आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. पंचनाम्यात लिहिलं, पंपाचा फुटबॉल, म्हणजे पाण्यातली झडप, बघायला वाकली, पाय घसरला. लग्नाला सात वर्षं झाली नसती तर मॅजिस्ट्रेटकडून चौकशी झाली असती; तुझ्या लग्नाला त्याहून कितीतरी जास्त झाली होती, म्हणून पोलिसांनीच आटोपलं. अंगावरचे वळ पडताना लागले म्हणे. गोदाबाईनं जबाब दिला, "पडली ती." आयुष्यभर तू स्वतः जे सांगत आलीस तेच आता दुसऱ्यांनी तुझ्यासाठी सांगितलं, आणि तुला "नाही" म्हणता येईना. मी तुमच्या ओट्यावर बसून रडले नाही, मला इतका राग आला होता. रडू नंतर आलं, तुझी अर्धी बांधलेली मेथी माझ्या बांधावर वाळलेली दिसली तेव्हा.

तुझा भाऊ रिठदहून आला आणि त्यानं उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार दिली. त्यांनी चौकशी आपल्याकडं घेतली. पण बघणारं कोण होतं? घरात तीन माणसं. एक गेली, एक विलास, आणि एक ती बुढी.

तेरवी झाली. त्यानंतरच्या एका सकाळी मी दात घासत बाहेर आले, आणि तोंड माझ्याकडं होतं.

मला वाटलं, खिळा निघाला असेल. हातात तांब्या तसाच धरून मी बांध ओलांडला. खिळा जागच्या जागी होता, आरपार. मोठा डोळा माझ्यावर आणि बारका जरा बाजूला. मी तशीच तुझ्या घरी गेले. गोदाबाई दाराच्या आतल्या अंधारात बसली होती, डोक्यावरून पदर नाकापर्यंत. म्हटलं, काकू, बुजगावणं कुणी फिरवलं? "वाऱ्यानं फिरलं असन." म्हटलं, खिळा आहे. "मंग मले काय माईत?" मी ते पुन्हा विहिरीकडं केलं आणि घरी येऊन दिवसभर कामात काही ना काही चुकत राहिले.

ते पुन्हा फिरलं. आणि पुन्हा. गावात बोलायला सुरुवात झाली, की सुरेखा गेलेली नाही. शेजारच्या बायका संध्याकाळी त्या पांदीनं येईनात. विलासनं लिंबू कापून टाकले, मग एक दिवस दारू पिऊन ते बांबूसकट उपटलं आणि धुऱ्यावर, बांधाच्या कडेला फेकलं. मी लांबून बघत होते. दुसऱ्या सकाळी ते परत पाइपात उभं होतं, शर्टाची बटणं नीट लावलेली, तोंड माझ्याकडं. त्या दिवशी विलासचा चेहरा बघण्यासारखा होता. खोटं नाही सांगत, मला बरं वाटलं. मला वाटलं तूच आहेस. भीती वाटायची, पण त्याहून जास्त असं वाटायचं की तू बोलावते आहेस आणि मला कळत नाही कशाला.

मग एका भर दुपारी, उन्हात, तोंड फिरलेलं दिसलं. सकाळी ते विहिरीकडं होतं. दिवसाउजेडी ते पहिल्यांदाच फिरलं होतं. मी धावतच गेले. विलास वाशीमला गेला होता. गोदाबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती आणि आज तिनं पदर घेतला नव्हता. डोळा काळानिळा. उजवा हात मांडीवर ठेवलेला, मनगटाच्या वर वाकडा झालेला.

मी विचारायच्या आधी ती म्हणाली, "पडली मी."

सुरेखा, तिच्या तोंडून तुझेच शब्द आले. तोच आवाज, तशीच नजर बाजूला. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, काकू, सायकलवरून पडल्या का? ती माझ्याकडं बघत राहिली. मग रडायला लागली, तोंड उघडं ठेवून, लहान पोरासारखी.

"पयलेपासून मारते तो मले. सुनबाई आली तं तिले माराले लागला, मी वाचली. ती गेली तं आता मीच राह्यली ना."

"बुजगावणं तुम्ही फिरवता?"

"मीच फिरवतो. तो झोपला राह्यते तवा. मले काय तोंड होतं तुले सांगाले? तू आली की जीभच उचलत नव्हती."

"पण तुम्हाला कसं माहीत, की तोंड फिरवलं की मी येते?"

तुटका हात डाव्या हातानं धरून ती नुसती हलत होती. तुझ्या सासूला मी एवढी बारकी कधी पाहिली नव्हती.

"मले सगळं माईत होतं व माय. ती रोज फिरवे, मी रोज पाहो. त्या दिशी बी तिनं फिरवलं होतं. सकाळीच फिरवलं होतं. मंग मी गेली अन् मी ते वापस वळवलं. म्या म्हटलं, पुन्हा पोलिसाची गाडी येईन, पुन्हा गावात नाव जाईन, पोराले घेऊन जातीन. मले काय माईत तो तिच्यामांगं विहिरीकडं जाईन? दोघं गेले. तो एकटाच वापस आला."

मी उठले. तिथं लाकडाचा ढीग होता, त्यातलं एक लाकूड माझ्या हातात कधी आलं मला कळलं नाही. मी तिला मारणार होते. तू मला बोलावलं होतंस, त्या सकाळी तू मला बोलावलं होतंस, आणि मी टमाटे तोडत होते, कारण या बाईनं तुझ्या बुजगावण्याची मान मुरगळली होती. ती माझ्या हातातल्या लाकडाकडं बघत होती. तिनं हात वर केला नाही, डोळे मिटून घेतले. ती मार खायला बसायची सवय, ती तुझीच. ते बघून मी लाकूड परत ढिगात टाकलं.

तू असतीस तर काय केलं असतंस? मला माहीत आहे. आधी तिला पाणी दिलं असतंस. मी तिला पाणी दिलं. प्रेमानं दिलं असं समजू नकोस.

ऑटोत घालून तिला वाशीमला दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं, पोलिसांची नोंद झाली. ठाण्यात या वेळी एक महिला पोलीस होती, तिनं गुन्हा नोंदवला. हाड मोडलं म्हणजे ती गंभीर दुखापत, तिथं नुसती नोंद करून भागत नाही. विलासला मात्र अटक झाली नाही, हजर राहायची नोटीस मिळाली. असंच होतं म्हणे, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेला बहुतेक वेळा आधी नोटीसच. मग संरक्षण अधिकारी मॅडमकडं. गोदाबाई दारातच अडली. मला म्हणाली, "हे तं सुनेसाठी राह्यते ना? मी तं सासू. मले कोण देईन?" मॅडमनी ऐकलं. त्या उठून दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "आजी, एका घरात राहणाऱ्या कोणत्याही बाईसाठी आहे हे. आईसाठी पण आहे." बुढीनं दाराची चौकट धरली. म्हणाली, "मंग मले कोणी सांगतलं काहून नाई?" मॅडमनी तिचा डावा हात धरून तिला आत नेलं.

तोच पंखा, तीच खुर्ची, तेच प्रश्न. शिव्यांपाशी आल्यावर तिनंही माझ्याकडं पाठ केली.

तिलाही आदेश मिळाला. मारायचं नाही, तिच्याजवळ यायचं नाही, आणि घरात पाय ठेवायचा नाही. ह्या खेपेला मी कागद तिच्या हातात जाऊच दिला नाही. झेरॉक्स काढल्या, प्लास्टिकमध्ये घातल्या, एक ठाण्यात नेऊन दिली आणि पोचेचा शिक्का घेतला. तोच हवालदार होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, पण शिक्का व्यवस्थित मारला. विलास मामाच्या घरी राहायला गेला, आणि काही दिवसांत पिऊन मळ्यात आला. म्हणे आईला भेटायचं. तिला भिंतीशी दाबून सांगत होता, केस मागं घे. मला बुजगावणं दिसलं, तोंड माझ्याकडं फिरलेलं. एकशे बारा. गाडी आली, मी शिक्क्याचा कागद पुढं केला, आणि ह्या वेळी कुणी दिवाणी म्हटलं नाही. आदेश मोडला म्हणून त्याला धरून नेलं, आणि तो अजून आत आहे. त्याला गाडीत बसवताना मला तुझ्या लाल-पिवळ्या कागदाची आठवण आली. एवढंच करायचं होतं त्यांना, सुरेखा. तुझ्या वेळी एवढंच करायचं होतं.

पण तुझं काय? तुझ्यासाठी तो अजून निर्दोष होता. विहिरीचं बुढी फक्त माझ्याजवळ बोलली होती. मी चौकशीच्या पोलीस साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, तुमचं ऐकीव झालं, बाई. बघणारीनं स्वतः सांगितलं पाहिजे. आणि बघणारी बाई पोटच्या पोराविरुद्ध सांगायला तयार होईना. मारलं म्हणून चार दिवस आत जाणं वेगळं, खून म्हणून जाणं वेगळं. विलासचा मामा रोज येऊन बसायचा. "एकुलता एक हाय तुले. मेल्यावर पाणी कोण पाजन?" ती मला म्हणाली, "नले, माहं मी सांगतलं. तिचं मले नोको विचारू." मी तिच्याशी बोलणं टाकलं. साहेब म्हणाले, बाईमाणसाला ठाण्यात यायची सक्ती नाही, आम्ही घरी येऊन जबाब घेऊ. बुढी म्हणाली, त्या घरात तिच्या तोंडून निघणार नाही. मग दिवस ठरला, वाशीमचं ऑफिस ठरलं. मी तिला एवढंच सांगितलं, यायचं असेल तर सकाळी मला बोलवा. कसं बोलवायचं ते तुम्हाला येतं.

ती सकाळ कालची. मी ओट्यावर यायला घाबरत होते. ह्यांनी दोनदा विचारलं, बाहेर का जात नाहीस. धुकं होतं, आधी मडकं दिसेचना, नुसते पसरलेले हात दिसत होते. मग हळूहळू एक डोळा दिसला. मोठा.

मी पोचले तेव्हा गोदाबाई चांगलं लुगडं नेसून, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून ओट्यावर बसली होती. दोघी ऑटोनं वाशीमला गेलो. ऑफिसात महिला पोलीस शेजारी बसली, मोबाइलवर चित्रीकरण सुरू झालं, आणि तिनं सांगितलं. सगळं. बुजगावणं वळवल्याचंही. साहेबांनी विचारलं, हे सांगायची तुमच्यावर कुणी सक्ती केली का? ती म्हणाली, "हाव. सुनबाईनं." साहेबांनी पेन खाली ठेवलं, मग तिला समजावून पुन्हा विचारलं, आणि ती नाही म्हणाली. संध्याकाळपर्यंत तुझ्या मृत्यूचा गुन्हा नोंदवला गेला, खुनाचा. आता मॅजिस्ट्रेटसमोर तिला हेच परत सांगायचं आहे, आणि पुढं खटल्यात वकिलांसमोर. तिथंवर ती टिकेल की नाही, मला माहीत नाही. पण एकदा तरी तुझ्याबद्दल "पडली" सोडून दुसरा शब्द कागदावर आला. तुझ्या भावाला मी लगेच फोन करून कळवलं.

परत येताना ऑटोत मला पहिल्यांदा तिची थोडी दया आली. म्हटलं, काकू, सकाळी तुम्ही तोंड फिरवलं ते बघून मला धीर आला. तुम्ही येणार नाही असंच वाटलं होतं.

ती बाहेर बघत होती. म्हणाली, "मले बी तसंच वाटलं होतं. रातभर म्हटलं नाई फिरवत. मंग सकाळी उठून गेली फिरवाले. पण मी गेली व माय, तं ते आधीच तुह्याकडं पाहून राह्यलं होतं."

घरी जायच्या आधी तुझ्या मळ्यात गेले, खिळा काढला आणि विहिरीत टाकला. तुला हवं तिकडं बघ, सुरेखा. मी इथंच आहे.